ध्वनिमुद्रणावरून गायकाचा षड्ज शोधणे आणि त्यावर तंबोरा लावणे

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी गायकाकडून फोनवर एक ध्वनिमुद्रण येते, पेटीवाला ते दोनदा ऐकतो, एक पट्टी ठरवतो, आणि प्रत्यक्ष बैठकीत पहिल्याच ओळीला गायक मागे वळून पाहतो. भजनी मंडळांत असे वारंवार घडते, आणि त्यामागे बहुतेक वेळा दोनच चुका असतात. पहिली चूक म्हणजे पंचम किंवा मध्यम हाच षड्ज समजणे. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा षड्ज आणि गायकाचा खरा षड्ज एकच आहेत असे गृहीत धरणे. या दोन्ही चुका टाळण्याचा क्रम पुढे दिला आहे. क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्याची तपासणी आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

उदाहरण म्हणून वर्धा जिल्ह्यातील एका खंजिरी भजन मंडळाचे ध्वनिमुद्रण घेतले आहे. गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवाला जाण्यापूर्वी त्या मंडळासोबत नवा पेटीवाला म्हणून मला बसायचे होते. हाताशी होती ती एक जुनी कॅसेट, आणि तीही कोणीतरी टेपरेकॉर्डरजवळ फोन धरून उतरवून घेतलेली.

## टप्पा १ : तयारी

ध्वनिमुद्रण, पेटी, कानात घालायचे इअरफोन आणि फोनवरील ट्यूनर ॲप एवढे साहित्य पुरते. फोनच्या लहान स्पीकरवर ऐकू नये. तो खालचे सूर जवळजवळ गाळून टाकतो, आणि पुरुषाच्या आवाजातील षड्ज नेमका त्याच भागात असतो.

ट्यूनर उघडल्यावर त्यातील मूळ संदर्भ ४४० हर्ट्झवर आहे का ते आधी पाहावे. काही ॲपमध्ये तो ४३२ किंवा ४४२ वर नेलेला असतो आणि मग पुढचे सारे आकडे सरकतात. त्यानंतर स्वतःच्या पेटीची काळी दोन दाबून ट्यूनर काय दाखवतो ते लिहून ठेवावे. गावातील जुन्या पेट्या ४४० ला तंतोतंत जुळलेल्या क्वचितच असतात. माझी पेटी सुमारे १२ सेंट चढी आहे. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. १२ सेंटचा फरक एकट्या पेटीवर कळत नाही, परंतु इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासोबत वाजवताच तो कानाला टोचतो.

ऐकण्याची वेळही जपून निवडावी. शेजारी मोटरपंप किंवा पिठाची गिरणी चालू असेल तर विजेची १०० हर्ट्झची घरघर ट्यूनर सूर म्हणून पकडतो. अशीच घरघर कधीकधी मुद्रणातही बसलेली असते.

तपासणी: ध्वनिमुद्रणातील गाणे सुरू होण्यापूर्वीचा रिकामा भाग वाजवून पाहावा. तेथेही ट्यूनर एखादा सूर ठामपणे दाखवत असेल, तर तो गायकाचा नव्हे हे ओळखून पुढे त्याकडे दुर्लक्ष करावे.

## टप्पा २ : विसाव्याची जागा शोधणे

या टप्प्यात पेटीला हात लावायचा नाही, कारण बोटे पट्टीवर गेली की कान आळशी होतो. पहिले ऐकणे केवळ एका प्रश्नासाठी असावे: गायक कोठे थांबतो? कोठे सुरुवात करतो आणि कोठे आवाज मोठा करतो हे येथे पाहायचे नाही. ओळ पूर्ण झाल्यावर तो ज्या सुरावर निवांत टेकतो, तेवढाच सूर पाहायचा.

अशा जागा तीन ठिकाणी हमखास सापडतात. आरंभीचा आलाप किंवा नामघोष संपतो तेथे एक, अंतरा संपवून गायक ध्रुवपदावर परत येतो आणि ध्रुवपदाची शेवटची मात्रा घेतो तेथे दुसरी, आणि भजन पूर्ण थांबते तेथे तिसरी. या तिन्ही जागी सूर एकच असेल तर तो षड्ज असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो सूर तोंड मिटून गुणगुणावा, ध्वनिमुद्रण थांबवावे आणि दहा सेकंद धरून ठेवावा. पुन्हा ध्वनिमुद्रण चालू केल्यावर आपला सूर गाण्यात बसला पाहिजे.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती भजनाच्या उठावात. अनेक भजनांचा मुखडा पंचमावरून उठतो आणि मागची मंडळी तोच पंचम जोराने धरून ठेवतात. सर्वांत मोठ्याने ऐकू येणारा सूर पंचम असल्यामुळे नवखा पेटीवाला तोच उचलतो. माझेही पहिल्यांदा तसेच झाले. मी २२६ हर्ट्झच्या आसपासचा सूर धरला, तो माझ्या पेटीवर पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध आला, आणि कॅसेटच बिघडलेली असावी असे समजून मी काळी पाच ठरवून मोकळा झालो. कॅसेटबद्दलचा अंदाज पुढे खरा ठरला, षड्जाचा मात्र चुकला होता.

सावधान: तबल्याच्या उजव्याची किंवा ढोलकीची गुंज ऐकून षड्ज ठरवू नये. उजवा बहुधा षड्जावर असतो, पण पंचमावर किंवा मध्यमावर लावण्याचीही पद्धत आहे. टाळांचा नाद तर मोजूच नये.

## टप्पा ३ : पंचम आणि मध्यम यांची शंका फेडणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये.

पुष्कळ जण निवडलेल्या सुराला ‘सा’ मानून भजनाची सरगम काढून पाहतात, आणि ती नीट निघाली की षड्ज सापडला असे ठरवतात. ही तपासणी पुरेशी नाही. समजा, भजन सगळ्या शुद्ध स्वरांत आहे. चुकून पंचमाला सा मानले, तर खऱ्या मध्यमाच्या जागी कोमल निषाद येतो, बाकीचे स्वर शुद्धच राहतात, आणि भजन खमाज थाटातले वाटू लागते. चुकून मध्यमाला सा मानले, तर खऱ्या निषादाच्या जागी तीव्र मध्यम येतो आणि तेच भजन कल्याण थाटातले वाटते. दोन्ही वेळा सरगम व्यवस्थित लिहिता येते, दोन्ही थाट ओळखीचे असतात, त्यामुळे चूक झाल्याची शंकासुद्धा येत नाही. स्वरांची यादी जुळते ती केवळ पट्ट्यांशी. कोणता स्वर घर आहे हे त्या यादीतून कळत नाही.

म्हणून दुसरी चाचणी घ्यावी लागते, आणि ती एकट्या षड्जाच्या सुरावर घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर त्यातील पंचम बंद करावा, पेटी असेल तर निवडलेली एकच पट्टी धरून ठेवावी. यामागे कारण आहे. मध्यमाला चुकून सा मानून षड्ज-पंचमाचा पूर्ण तंबोरा लावला, तर त्यातील पंचमाची तार नेमकी गायकाच्या खऱ्या षड्जावर पडते. त्यामुळे चुकीचा तंबोराही गोड लागतो. पंचमाला सा मानून तंबोऱ्यात मध्यम लावला तरी हेच होते. एकटा सूर ठेवला की ही लपायची जागा उरत नाही.

आता त्या एकट्या सुरावर ध्रुवपदाची शेवटची ओळ आणि भजनाचा शेवट एवढेच वाजवावे. सूर बरोबर असेल तर शेवटचा स्वर सुरात विरघळतो आणि स्वतंत्र असा ऐकूच येत नाही. सूर चुकीचा असेल तर शेवट गोड लागतो, पण अधांतरी राहतो, आणि पुढे आणखी एक ओळ यायला हवी असे वाटते. सवय नसलेल्या कानालाही तीन-चार वेळा आलटून पालटून ऐकल्यावर हा फरक कळतो. आलटून पालटून मात्र ऐकावेच. एकच सूर लावून ‘बरा वाटतो का’ असे स्वतःला विचारले की उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते.

तिसरी चाचणी अंतऱ्याची. अंतऱ्यात गायक बहुधा वर चढून तार षड्जावर थांबतो. त्या सुराची कंपनसंख्या विसाव्याच्या सुराच्या बरोबर दुप्पट असली पाहिजे. आमच्या ध्वनिमुद्रणात अंतऱ्यातील वरचा मुक्काम सुमारे ३०२ हर्ट्झवर होता. त्याचा निम्मा १५१ होतो, आणि ध्रुवपदाचा शेवटही १५१ वरच होता. मी आधी धरलेला २२६ हा १५१ च्या दीडपट आहे. दीडपट म्हणजे पंचम. येथे शंका संपली.

सावधान: ट्यूनरही पंचम दाखवून फसवू शकतो. प्रत्येक आवाजात मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा उपस्वर असतो आणि तो पंचमाचा असतो. मुद्रणात खालचा भाग क्षीण असेल तर ट्यूनर त्या उपस्वराचेच नाव सांगतो. ट्यूनर आणि कान यांत मतभेद झाला, तर या टप्प्यावर कानाचे ऐकावे.

भैरवी किंवा हलक्या चालीचे पद गाताना काही गायक मध्यमालाच षड्ज मानून गातात. अशा वेळी त्या पदाचा षड्ज बैठकीच्या षड्जापेक्षा खरोखरच वेगळा असतो. एकाच ध्वनिमुद्रणात अनेक पदे असतील तर केवळ शेवटच्या भैरवीवरून पट्टी ठरवू नये.

## टप्पा ४ : नेमके मोजमाप

षड्ज कोणता हे ठरल्यावरच आकड्यांकडे वळावे. गायकाने षड्ज किमान दोन सेकंद स्थिर धरला आहे अशा तीन जागा निवडाव्यात, आणि त्या शक्यतो सुरुवातीच्या असाव्यात. तंबोऱ्याविना तास-दोन तास चाललेल्या भजनात सारे मंडळ हळूहळू मूळ सुरावरून सरकू शकते, पेटी नसेल तर अधिकच. तंबोरा लावायचा तो आरंभीच्या सुरासाठी असतो.

सूर लागतानाची मींड आणि सुटतानाचा उतार सोडून मधला भाग मोजावा. आवाजाला कंप असेल तर ट्यूनरचा काटा दोन्ही बाजूंना हलतो. त्याचा मध्य धरावा, वरचे टोक धरू नये. मला तीन जागी १५०.६, १५१.१ आणि १५१.३ असे आकडे मिळाले आणि मी १५१ धरला.

पुरुषांच्या नेहमीच्या पट्ट्या या भागात अशा येतात: पांढरी एक १३०.८, काळी एक १३८.६, पांढरी दोन १४६.८, काळी दोन १५५.६ हर्ट्झ. म्हणजे १५१ हा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळजवळ मधोमध येतो.

तपासणी: तीन आकड्यांत २० सेंटहून अधिक फरक पडत असेल (या भागात तो साधारण पावणेदोन हर्ट्झ होतो), तर एक तर जागा चुकीच्या निवडल्या आहेत किंवा मुद्रणाची गती हलते आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट येथे पुन्हा मोजावे.

## टप्पा ५ : ध्वनिमुद्रण खोटे बोलते आहे का

फोनवर थेट केलेल्या मुद्रणात सुराची उंची सहसा बदलत नाही. फाइल दहा जणांकडून फिरत आली तर आवाज खराब होतो, पण पट्टी तीच राहते. कॅसेटचे तसे नाही. रबरी पट्टा सैल झालेला किंवा सेल उतरलेला टेपरेकॉर्डर हळू फिरतो, आणि गती तीन टक्के कमी झाली की सूर सुमारे अर्ध्या पट्टीने उतरतो. सहा टक्क्यांना पूर्ण एक पट्टी जाते. उलटही घडते. मूळ मुद्रणच मंद यंत्रावर झाले असेल, तर चांगल्या यंत्रावर ते चढे ऐकू येते. त्यामुळे ‘जुनी कॅसेट म्हणजे सूर उतरलेलाच’ असा नियम करता येत नाही.

मुद्रणात पेटी वाजत असेल तर तिच्यावरून अंदाज बांधता येतो. पेटी दहा-पंधरा सेंट इकडेतिकडे असू शकते, परंतु तिच्या सगळ्याच पट्ट्या अर्ध्या पट्टीने सरकलेल्या असणे दुर्मीळ आहे. आमच्या ध्वनिमुद्रणात पेटी आणि गायक एकमेकांशी व्यवस्थित जुळलेले होते, आणि दोघेही मधोमध होते. म्हणजे गतीच बिघडलेली. मात्र मंडळ काळी दोनमध्ये गात होते आणि कॅसेट हळू फिरली, की पांढरी दोनमध्ये गात होते आणि कॅसेट जलद फिरली, हे आकड्यांवरून ठरत नाही. १५५.६ ला १५१ ने भागले तर १.०३ येते, म्हणजे तीन टक्के मंद. १५१ ला १४६.८ ने भागले तरी जवळजवळ तेच येते, म्हणजे तीन टक्के जलद. दोन्ही सारखेच शक्य.

येथे कागद बाजूला ठेवून माणसाला विचारावे लागते. मंडळाच्या गायक महाराजांबद्दल विचारायला मी मंडळाच्या जुन्या पेटीवाल्या काकांना फोन केला. ‘काका, महाराजांची पट्टी पांढरी दोन की काळी दोन?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘काळी दोनच हाय ना बाप्पा, तीस वर्सं झाली, थे काई बदलत नाई.’ असे विचारताना दोन पर्याय समोर ठेवून विचारावे. नुसते ‘पट्टी कोणती’ असे विचारले तर ‘नेहमीचीच’ असे उत्तर मिळते.

विचारायला कोणी नसेल तर त्याच गायकाचे दुसरे, फोनवर थेट केलेले मुद्रण मिळवावे. चित्रफितींवर विसंबताना सावध राहावे, कारण त्या चढवणारे लोक काही वेळा सूर मुद्दाम वरखाली करतात.

सावधान: फोनच्या प्लेअरमधील गती कमी-जास्त करण्याची सोय बहुधा सूर न बदलता केवळ वेग बदलते. अवघड जागा सावकाश ऐकायला ती उपयोगी आहे, कॅसेटचा बिघडलेला सूर तिने दुरुस्त होत नाही. त्यासाठी सूर आणि वेग एकत्र बदलणारे ॲप लागते.

## टप्पा ६ : तंबोरा लावणे

आता आपल्याकडे दोन उत्तरे असतात आणि ती मिसळू नयेत. ध्वनिमुद्रणासोबत घरी सराव करायचा असेल तर तंबोरा ध्वनिमुद्रणाच्या सुरावर लावावा, आणि प्रत्यक्ष बैठकीसाठी गायकाच्या खऱ्या पट्टीवर. वहीत दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहून ठेवावीत.

सरावासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काळी दोनवर ठेवून सुमारे ५१ सेंट खाली आणला. ज्या यंत्रात सूक्ष्म फेरफार ५० सेंटपर्यंतच होतो, त्यात पांढरी दोन घेऊन ४९ सेंट वर जावे. जागा तीच येते. पेटीवर मात्र हा सूर मिळतच नाही. म्हणून पेटीसह सराव करायचा तर ध्वनिमुद्रणाचाच सूर तीन टक्के वर नेऊन ते काळी दोनमध्ये आणावे. मी शेवटी हेच केले.

जुळणी कानाने तपासताना लाटा ऐकाव्यात. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज मोठा-लहान होतो. एका सेकंदात एक लाट म्हणजे एक हर्ट्झचा फरक, आणि १५० हर्ट्झच्या आसपास तो साधारण १२ सेंट भरतो. लाट लांबत लांबत नाहीशी झाली की सूर मिळाला. ही तपासणी गायकाच्या लांब, सपाट सुरावरच होते, कंप असलेल्या सुरावर होत नाही.

चार तारांचा तंबोरा असेल तर आधी मधली जोड काळी दोनला मिळवावी, मग तिच्यावरून खर्ज, आणि सर्वांत शेवटी पहिली तार मंद्र पंचमावर. खुंटीने जवळ आणून उरलेला फरक मण्यांनी काढावा. पहिली तार पंचमावर लावण्यापूर्वी भजनाच्या चालीत पंचम आहे का हे ध्वनिमुद्रणात ऐकावे. मालकंसाच्या अंगाची चाल असेल तर पंचमाची तार प्रत्येक ओळीला आडवी येते, आणि तेथे ती मध्यमावर हवी.

बैठकीत पेटीही असेल, तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा पेटीला मिळवावा. पेटीचे सूर घटकेत बदलता येत नाहीत, तंबोरा बदलतो. माझ्या पेटीसाठी तो काळी दोनवर १२ सेंट वर ठेवावा लागला.

## टप्पा ७ : मंडपात बसल्यावर

ध्वनिक्षेपक सुरू होण्यापूर्वी गायकाला एकटा षड्ज ऐकवावा आणि त्यावर भजनाची पहिली नव्हे, शेवटची ओळ गुणगुणायला सांगावी. पहिली ओळ पंचमावरून उठत असेल तर गायकही क्षणभर गोंधळतो. शेवटची ओळ टेकली की पट्टी पक्की.

थंडीत, रात्री उशिरा किंवा सप्ताहाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी गळा बसलेला असतो आणि गायक एक पट्टी खाली मागतो. अशा वेळी ध्वनिमुद्रण आणि वही दाखवून वाद घालू नये. पांढरी दोनचा तंबोरा आधीच एका बटणावर साठवून ठेवलेला असावा, आणि तारांचा तंबोरा असेल तर उतरवायला दहा मिनिटे हाताशी असावीत. मोझरीला त्या रात्री महाराजांनी पांढरी दोनच मागितली.